ट्रकवाल्याला दिसेल अशी भेट

*आमचे मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत आहेत. आठवडाभर भट्टी, आणि रविवार आला की पहाटे पाचला सायकल घेऊन जांबोटी रस्त्याला. पावसाळ्यात मित्रांबरोबर चंदगडकडचे गड. पुढच्या महिन्यात त्यांचा वाढदिवस आहे. पाच हजारांपर्यंत काहीतरी न सांगता द्यायचं आहे. ऑनलाइन सेलमध्ये ट्रेकिंगचे बूट, सायकलची जेलवाली सीट आणि हेल्मेट निवडून ठेवलंय. घरात एक हेल्मेट आहे, पण डोकं दुखतं म्हणून ते खुंटीलाच असतं. त्यांचे एक मित्र आपलं वापरलेलं भारीतलं हेल्मेट निम्म्या किमतीत देतो म्हणतात. काय घेऊ आणि काय नको? — एक वाचक, शहापूर, बेळगाव*

ताई, आधी बूट आणि सीट यादीतून काढून टाका. हेल्मेट राहू द्या, पण सेलमधलं नको आणि मित्राचं तर अजिबातच नको. उरलेल्या पैशांत तुमच्या यादीत नसलेली एक वस्तू घ्या, ती म्हणजे लाइट. आता एकेकाचं कारण सांगतो.

सुरुवात खुंटीवरच्या हेल्मेटपासून करू, कारण ते डोकं का दुखवतंय हे कळलं तर नवीन कुठलं घ्यायचं ते आपोआप कळेल. मिस्टर कामावर गेले की ते खाली काढा आणि आत बघा. पाठीमागच्या बाजूला किंवा पट्ट्याला एक लेबल असतं, त्यावर एस, एम किंवा एल असं अक्षर आणि शेजारी सेंटिमीटरमध्ये आकडे असतात, उदाहरणार्थ ५४–५८. तो डोक्याचा घेर. अक्षराकडे फारसं लक्ष देऊ नका. एका कंपनीचं एम ५८ ला संपतं, दुसरीचं ५९ पर्यंत जातं. तिसऱ्या एखाद्या स्वस्त हेल्मेटवर नुसतं 'फ्री साइज' लिहिलेलं असतं आणि मागची फिरकी आवळून सगळ्यांना बसवायचं अशी त्याची समजूत असते. आकडाच खरा.

मग त्यांचं डोकं मोजायचं. चोरून कसं मोजायचं, तर रविवारी डोक्याला तेल लावून देते म्हणा. शिवणकामाची टेप कपाळावरून, भुवयांच्या वर साधारण एक इंचावर धरायची, कानांच्या वरून न्यायची आणि मागे डोक्याचा जो सगळ्यात फुगीर भाग असतो तिथून फिरवून पुढे आणायची. टेप आडवी सरळ हवी, मागे मानेकडे घसरली तर माप कमी येतं. टेप बघून त्यांना संशय येईल असं वाटत असेल तर जाड दोरा वापरा, दोरा नंतर टेपवर मोजता येतो. दोनदा मोजा, आणि दोन मापांत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

समजा, माप ५७.५ आलं आणि खुंटीवरच्या हेल्मेटचा आकडा ५४–५८ आहे. कागदावर बसायला हवं, पण ते आहे अगदी शेवटच्या टोकाला. फिरकी पूर्ण सैल केली तरी आत जागा उरत नाही, आणि दोन तासांत कपाळावर वळ उठतो. अशा डोक्याला ५५–५९ किंवा ५६–६० असं लिहिलेलं हेल्मेट हवं, म्हणजे माप दोन आकड्यांच्या मधोमध कुठेतरी येईल. एका ओळीचं उत्तर हवं असेल तर ते हेच. माप टोकाला नको, मध्ये हवं.

पण दुखण्याचं कारण नेहमी घेरच असतं असं नाही. घेर सारखा असला तरी डोक्याचे आकार वेगळे असतात. काहींचं डोकं वरून बघितलं तर लांबट, काहींचं गोल. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातलं तर ते कपाळाला आणि मागे टोचतं, आणि कानशिलाजवळ बोट जाईल एवढी फट राहते. गोल डोक्यावर लांबट हेल्मेट घातलं तर उलटं होतं. कानशिलं दाबली जातात आणि पुढेमागे पोकळी राहते. म्हणून "डोकं दुखतं" म्हणाले की "कुठे?" असं विचारा. सहज, चहा देताना. कपाळ म्हणाले की कानशिलं म्हणाले, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. तिसरी शक्यता, आणि आपल्याकडे हीच जास्त आढळते, ती म्हणजे हेल्मेट मुळात मोठं असणं. ते डुगडुगू नये म्हणून माणूस फिरकी इतकी आवळतो की मागची पट्टीच कवटीला रुतते. फिरकी दोनचार टकटकींच्या पलीकडे आवळावी लागत असेल तर हेल्मेट एक माप मोठं आहे असं समजा.

मोठ्या हेल्मेटचं मी स्वतःवरून सांगतो. माझ्या मेहुण्याने मला पहिलं हेल्मेट भेट दिलं, मोठ्या प्रेमाने आणि एल मापाचं. माझं डोकं ५५. मी आत रुमालाची घडी घालून ते वर्षभर वापरलं आणि त्याला कधी काही बोललो नाही, कारण मेहुणा. एका सकाळी मच्छेजवळ कुत्रं आडवं आलं. मी हँडलवरून पुढे गेलो, आणि जमिनीला लागायच्या आधीच हेल्मेट टोपीसारखं मागे सरकलं होतं. कपाळाला पाच टाके. हेल्मेटला ओरखडाही नाही! तेव्हापासून कुणी हेल्मेट भेट देतो म्हटलं की मी आधी टेप काढतो.

मेहुण्याने दुकानात एक मिनिट घालवलं असतं तर ते कळलं असतं. ती परीक्षा अशी. हेल्मेट आडवं, भुवयांच्या वर दोन बोटांवर बसवायचं, मागे टेकवलेलं नव्हे. पट्टा न लावता फिरकी बेताची आवळायची आणि खाली वाकून डोकं हलवायचं. ते जागेवर राहायला हवं. मग पुढच्या कडेला तळहात लावून वर ढकलायचं. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडीही वर सरकली तर बसलंय, हेल्मेट एकटंच सरकलं तर नाही. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या पाळीच्या खाली इंग्रजी व्हीसारखे जुळायला हवेत. शेवटी हनुवटीचा पट्टा लावून मोठी जांभई द्यायची. तोंड उघडताना हेल्मेट डोक्यावर खाली ओढल्यासारखं वाटलं तर पट्टा बरोबर. काहीच जाणवलं नाही तर सैल.

आता ही परीक्षा न सांगता दिलेल्या भेटीत कशी करणार? करता येत नाही. डोक्याचा घेर तुम्ही चोरून मोजू शकता, आकार मोजता येत नाही. म्हणून हेल्मेट गावातल्या अशा दुकानातून घ्या जिथे माप बदलून मिळतं, आणि दुकानदाराला तसं बिलावर लिहून द्यायला सांगा. ऑनलाइन सेलच्या मालाची अडचण इथेच आहे. पुष्कळदा त्यावर परत घेण्याची मुदत फार थोडी असते, आणि मिस्टरांचा वाढदिवस पुढच्या महिन्यात. पेटी उघडेपर्यंत मुदत संपलेली असेल.

दुकानात गेल्यावर दोन गोष्टी बघा. आत कुठेतरी ईएन १०७८ असा शिक्का किंवा चिकटवलेला कागद असतो. हे सायकलच्या हेल्मेटचं युरोपातलं मानक. मोटरसायकलच्या हेल्मेटवर आयएसआय असतं, ते वेगळं. तसलं घालून कोणी चढ चढायला लागला तर अर्ध्या तासात डोक्याची भट्टी होईल, आणि भट्टी त्यांना आठवडाभर पुरते. दुसरी गोष्ट, आतली गादी बाजूला करून बोटाने दाबून बघा. तिच्यामागे टणक, जाड, थर्माकोलसारखा फोम लागला पाहिजे. नुसतं प्लास्टिकचं कवच आणि आत मऊ स्पंज असेल तर ते लहान मुलांच्या खेळण्यातलं समजा, कितीही छान रंग असला तरी.

मित्राचं वापरलेलं हेल्मेट का नको, याचं कारण याच टणक फोममध्ये आहे. आपटल्यावर तो चेपतो आणि डोक्याला बसणारा दणका स्वतः खातो. पण तो एकदाच खातो. चेपलेला फोम परत फुगत नाही. वरचं कवच मात्र सरळ होतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मित्र खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही. त्यांच्या मुलाने ते कट्ट्यावरून खाली पाडलं असेल आणि त्यांना माहीतही नसेल. सायकलचं काय काय वापरलेलं घ्यावं याची मोठी यादी मी देऊ शकेन. पंप घ्या, कॅरियर घ्या, सायकलसुद्धा घ्या. हेल्मेट नाही. गडावर चढायचा दोर आणि कमरेचा पट्टाही नाही, त्यांचीही गोष्ट तीच आहे. दोर तर नवाही देऊ नका. दोर हाती आला की माणसाला जिथे तो लागतो तिथे जावंसं वाटतं, आणि तो कसा बांधायचा हे शिकवणारा माणूस पेटीत येत नाही.

हेल्मेटबद्दल एवढं बोलल्यावर त्याची मर्यादाही सांगायला हवी. मानकाच्या चाचणीत हेल्मेट साधारण दीड मीटर उंचीवरून सपाट लोखंडावर आपटतात, म्हणजे ताशी वीसएक किलोमीटरचा दणका. कुत्रं आडवं आलं, खडीवर चाक घसरलं, पुलाजवळच्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं, अशा पडण्यासाठी ते बनवलेलं आहे. मागून ट्रकने उडवलं तर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. पहाटे पाचला निघणाऱ्या माणसाला मोठा धोका मागूनच असतो. म्हणूनच लाइट.

आपल्याकडचा पहाटेचा रस्ता तुम्ही मिस्टरांच्या सीटवरून बघितला नसेल. गाव सुटलं की रस्त्यावरचे दिवे संपतात. हिवाळ्यात जांबोटीकडे धुकं असतं. गाळपाचा हंगाम सुरू झाला की निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालू असतात, दोन दोन ट्रॉल्या जोडलेले. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो, असला तर लोंबणाऱ्या उसाच्या वाढ्यांमागे झाकलेला. ड्रायव्हर रात्रभर जागा असतो आणि समोरून येणाऱ्याचे हेडलाइट त्याच्या डोळ्यांत असतात. अशाच एका ट्रॅक्टरवाल्याने संकेश्वरच्या अलीकडे मला रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरवलं होतं. चहाच्या टपरीवर गाठून विचारलं तर बिचारा खरंच घाबरला होता. "दिसलाच नाहीस की रे मला!" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याला दोष द्यायला माझ्याकडे तोंड नव्हतं. माझ्या सायकलला मागे कारखान्यातून आलेला, चिखलाने माखलेला एक लाल रिफ्लेक्टर होता, बस्स.

लाइटची गंमत अशी की तो न विचारता घेता येतो. डोकं मोजायला नको, पाय मोजायला नको. मागचा लाल लाइट रबरी पट्ट्याने सीटखालच्या दांड्याला बसतो आणि तो दांडा गोल असेल तर बहुतेक कुठलाही चालतो. एकदा अंगणात जाऊन दांड्याला मूठ लावून बघा. गोल लागला तर काळजी नाही. चपटा किंवा मागे धारदार लागला, जसा काही महागड्या रेसिंग सायकलींना असतो, तर फोटो काढून दुकानदाराला दाखवा.

मागचे लाइट दोन घ्या. एक लुकलुकता आणि एक स्थिर. लुकलुकणारा लांबून लक्ष वेधतो, पण तो किती दूर आहे हे अंधारात मागच्याला नीट कळत नाही. स्थिर दिव्यावरून अंतराचा अंदाज येतो. दोन असण्याचा दुसरा फायदा म्हणजे एकाचं चार्जिंग अर्ध्या वाटेत संपलं तरी दुसरा असतो, आणि मागचा लाइट विझला हे चालवणाऱ्याला कधीच कळत नाही. दुसरा लाइट हेल्मेटच्या मागे किंवा पाठपिशवीला अडकवता येतो, तिथे उंचीमुळे ट्रकवाल्याला लवकर दिसतो. फक्त सीटखालच्या पिशवीमागे किंवा रेनकोटच्या शेपटाखाली लाइट झाकला जात नाही ना, ते बघायला त्यांना सांगा. पावसाळ्यात सगळ्यात जास्त हेच होतं.

पेटीवर वाचायच्या गोष्टी दोनच. एक, तास. मोठ्या अक्षरात '३० तास' लिहिलेलं असतं, ते लुकलुकण्याचं. स्थिर ठेवला तर किती तास, हे बारीक अक्षरात असतं आणि आपल्याला तेच हवं. चार तासांच्या फेरीला किमान सहा तास चालणारा घ्या. दोन, पाणी. आयपीएक्स आणि पुढे एक आकडा असतो. चार म्हणजे शिंतोडे सोसतो, सहा म्हणजे जोराचा फवारा, सात म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. खानापूर-कणकुंबीच्या पावसात चार पुरत नाही, सहाच्या खाली जाऊ नका.

ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप. पुढचा पांढरा लाइट चारशे ल्युमेनच्या आसपासचा असला की दिवे नसलेल्या रस्त्यावर खड्डा वेळेत दिसतो. हजारबाराशेचा घेऊन समोरच्या दुचाकीवाल्याला आंधळं करण्यात काही शहाणपण नाही. लावताना तोंड थोडं खाली, रस्त्याकडे.

लाइटबरोबर घोट्याला बांधायच्या चमकत्या पट्ट्यांची एक जोडी घ्या. शंभर-दीडशेची वस्तू, पण पेडल मारताना त्या वरखाली होतात आणि वरखाली हलणारी चमक दिसली की समोर सायकलवाला आहे हे ड्रायव्हरला विचार न करता कळतं. दुकानदार पोपटी रंगाचं जॅकेट पुढे करेल. तो रंग दिवसा आणि उजाडताना चांगला दिसतो, अंधारात नाही. अंधारात चमकते ती फक्त त्यावरची राखाडी रुपेरी पट्टी, आणि तीही गाडीचा उजेड तिच्यावर पडला तरच. म्हणून जॅकेट घेतलंत तर रंग बघू नका, पाठीवरची पट्टी किती रुंद आहे ते बघा. खिशातला टॉर्च त्याच्यावर मारला की दुकानातच कळतं.

आता बूट. तुम्हाला वाटेल, नंबर तर माहीत आहे. पण ट्रेकच्या बुटाला नंबरापलीकडे बरंच काही लागतं. चालून पाय सुजतो, मोजे जाड असतात, आणि उतरताना सगळा भार बोटांवर येतो. पुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा नसेल तर गड उतरेपर्यंत नखं काळी पडतात. त्यातही पंजा रुंद असेल तर लांबी बरोबर असून बूट चावतो. हे फक्त त्यांच्या पायाला कळतं, आणि तेही संध्याकाळी, दिवसभर उभं राहून पाय सुजल्यावर, ट्रेकचेच मोजे घालून. फौंड्रीतून सुटल्यावर थेट दुकानात नेलंत तर याहून चांगली वेळ नाही.

सेलच्या बुटात आणखी एक गोम आहे, ती मी कलानिधीगडावर शिकलो. एका प्रदर्शनात निम्म्या किमतीत घेतलेले कोरे बूट होते, पेटीतून काढून दुसऱ्यांदाच घातलेले. उतरताना उजव्या पायाखाली काहीतरी फटफट वाजायला लागलं. मागून येणारा मित्र ओरडला, "अरे, तुझा बूट हसायलाय की रे!" खाली बघितलं तर तळवा टाचेपासून सुटून खरोखरच तोंड वासून बसला होता. कालिवड्यापर्यंत सुतळी बांधून आलो, आणि वाटेत डावाही हसला. नंतर चांभाराने समजावलं. अशा बुटांत टाच आणि तळव्याच्या मध्ये जो हलका फोम असतो तो हवेतल्या दमटपणाने हळूहळू सडतो, वापरलात तरी आणि पेटीत ठेवलात तरी. वर्षानुवर्षं गोदामात पडलेला बूट दिसायला नवा असतो, पण आतून भुसा झालेला असू शकतो. सेलमध्ये असा जुना मालही काढतात. दुकानात घेताना जिभेच्या आतल्या लेबलावर बनवल्याचा महिना-वर्ष असेल तर वाचा, आणि अंगठ्याने तळव्याच्या कडेचा फोम दाबून नखाने खरवडा. पापुद्रा निघाला किंवा बारीक भेगा दिसल्या तर परत ठेवा.

जेलच्या सीटबद्दल थोडक्यात. ती दुकानात बोटाने दाबली की खूप आवडते. पण आपण ज्या दोन हाडांवर बसतो ती हाडं त्या मऊपणात रुततात आणि भार मधल्या नाजूक जागेवर येतो. तासाभरात मुंग्या यायला लागतात. सीटची रुंदी त्या दोन हाडांमधल्या अंतरावर ठरते, आणि ते अंतर मोजण्याची युक्ती तुम्हाला सांगून मी तुमच्या घरात गैरसमज करू इच्छित नाही. ते स्वतः बघून घेतील. गादीची सायकल चड्डीही याच कारणासाठी नको. पायात अडकणारे पेडल आणि त्यांचे बूटही नकोत. ती सवय ज्याची त्याने लावून घ्यायची असते, आणि सुरुवातीला सिग्नलला उभं राहताना माणूस हमखास आडवा होतो.

पाच हजारांचं गणित साधारण असं बसेल. हेल्मेटला दोन ते अडीच हजार, पुढचा आणि मागचे दोन लाइट मिळून दीडएक हजार, पट्ट्या दीडशे. उरलेल्या सातआठशेत गडासाठी डोक्याला बांधायचा टॉर्च. त्याचं बटण असं हवं की पिशवीत आपोआप दाबलं जाऊन रात्री गरजेच्या वेळी बॅटरी संपलेली निघू नये. काहींना कुलूप लावायची सोय असते, ती विचारून घ्या. पैसे थोडे कमी पडले तर टॉर्च पुढच्या वर्षी, पण वीस-तीस रुपयांची शिट्टी आत टाकाच. संकटात मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, परत सहा. डोंगरात ही मदतीची जुनी ओळखीची खूण आहे, आणि घसा बसला तरी शिट्टी वाजते.

सायकलच्या उपयोगाची आणखी एखादी छोटी वस्तू द्यायची असेल तर जादाची ट्यूब चांगली, पण अंगणात जाऊन टायरच्या कडेवरचे आकडे फोटोत घ्या. '३७-६२२' असे दोन आकडे आडव्या रेषेने जोडलेले दिसतील. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिंगचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. शेजारी इंचातही काही लिहिलेलं असेल, ते सोडा, एकाच इंचाच्या नावाखाली दोन वेगळ्या मापांच्या रिंग्ज असतात. हवा भरायच्या तोंडाचाही फोटो घ्या. मोटरसायकलसारखं जाड आहे की बारीक नळी आणि टोकाला छोटा स्क्रू, हे कळल्याशिवाय दुकानदार ट्यूब देऊ शकत नाही. द्यायला निघाला तर दुकान बदला.

हेल्मेटला लागलेला टॅग कापू नका, मापाचा प्रश्न आला तर तो लागेल. बिल पेटीत घालू नका, तुमच्याजवळ ठेवा. आणि लाइट कागदात गुंडाळायच्या आधी रात्रभर चार्जिंगला लावा. नवीन लाइट दुकानातून अर्धवट चार्ज होऊन येतो, आणि भेट मिळाली की दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ते निघणारच आहेत.